लावणीला जाणारी आई आणि बाटलीला तोंड न लावणारे बाळ

मृग सरला आणि भाताचे तरवे हातभर वाढले, की खानापूर-बेळगावकडच्या आपल्या घराघरांत एकच अडचण उभी राहते. फाल्गुन-चैत्रात बाळंत झालेली सून चार महिने घरात होती. आता लावणीला तिचे दोन हात हवे असतात. बाळ तीन-साडेतीन महिन्यांचे, निव्वळ अंगावर पिणारे. उन्हाळ्यात बाळाला बांधावरच्या झाडाखाली झोळीत निजवता येते, पण आषाढाच्या पावसात ते शक्य नाही. म्हणून सून कामावर जायच्या आदल्या दिवशी बाजारातून बाटली येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ती बाळाच्या तोंडाला लावते. बाळ तोंड फिरवते, किंचाळते, रडून रडून झोपी जाते. दुपारी शेजारीण सांगते, “उपाशी ठेवा, भूक लागली म्हणजे झक मारून घेईल.” संध्याकाळपर्यंत साखरपाणी, मध किंवा पाणी घातलेले म्हशीचे दूध यांपैकी काहीतरी बाळाच्या पोटात गेलेले असते.

आमचे मत स्पष्ट आहे. यात बाळाचा हट्ट नसतो, घाई आपली असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुसऱ्याच्या हातून बाटलीने पिणे शिकायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि ते तीन आठवडे आई कामावर जाण्यापूर्वीचे असले पाहिजेत. तेवढी सवड घरच्यांनी दिली, तर बहुतेक बाळे शिकतात. ती न देता बाळाला उपाशी ठेवून शिकवू पाहणे चुकीचे आहे, आणि लहान बाळाच्या बाबतीत धोक्याचेही आहे.

बाळ बाटली का नाकारते?

छातीला लागलेले बाळ आधी भराभर चोखते. थोड्या वेळाने पान्हा फुटतो आणि मग ते सावकाश घोट घेऊ लागते. मध्ये थांबते, श्वास घेते, पुन्हा पिते. दूध किती वेगाने यावे हे बरेचसे त्याच्या हाती असते. बाटली उलटी करून तोंडात घातली, की चोखण्याआधीच दूध घशात उतरते. न शिकलेल्या बाळाला ते बुडाल्यासारखे वाटते. शिवाय रबराच्या निपलचा आकार, ताठपणा आणि वास त्याच्या ओळखीचा नसतो.

दुसरे कारण वयाचे. पहिल्या दोन महिन्यांत ओठाला काही लागले की बाळ आपोआप चोखू लागते. तीन महिन्यांच्या सुमारास हे आपोआप चोखणे ओसरते, आणि चोखायचे की नाही हे बाळ स्वतः ठरवू लागते. म्हणूनच सहाव्या आठवड्यात बाटली मुकाट्याने घेणारे मूल चौथ्या महिन्यात ती थुंकून टाकते. ज्या घरी आईने पुढे कामावर जायचे हे आधीच ठरलेले आहे, तिथे अंगावरचे पिणे नीट बसल्यावर, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनंतर, आठवड्यातून दोन-तीन वेळा चार घोट बाटलीने पाजत राहावे. एकदा घेतली म्हणून मधले दोन महिने सोडून दिले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याआधीही घाई करू नये. पहिल्या महिन्यात आईचे दूध अजून बसत असते आणि बाळही छातीला नीट लागायला शिकत असते.

बाटली असावी की नसावी?

इथे आपल्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि गावची आशाताई म्हणतील, “बाटली देऊच नका, वाटी-चमच्याने पाजा.” त्यांचे म्हणणे पोकळ नाही. बाटलीच्या मानेत आणि निपलच्या टोकाला दुधाची साय चिकटून राहते, तिच्यात जंतू वाढतात, आणि बाळाला जुलाब लागतात. १९९२ साली आपल्या देशात बाळदुधाच्या डब्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी करणारा कायदा झाला, त्यामागे हेही एक कारण होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्या घरात प्रत्येक वेळी बाटली ब्रशने घासून, सुटी करून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटे उकळणे जमेल, त्यांनीच बाटली वापरावी. बाटली रुंद तोंडाची घ्यावी, म्हणजे ब्रश तळापर्यंत जातो. चिरलेले किंवा चिकट झालेले निपल टाकून द्यावे. जिथे जळण, पाणी किंवा माणूस यांपैकी काही कमी आहे, तिथे आपल्या आज्या वापरीत ते चोचीचे बोंडले किंवा लहान वाटी बरी. ती डोळ्यांना आतपर्यंत दिसते आणि हाताने घासता येते, पण तीही उकळलीच पाहिजे. वाटीने पाजताना बाळाला बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवून दूध फक्त ओठापर्यंत आणावे आणि बाळाला ते जिभेने घेऊ द्यावे. घशात ओतू नये. बाळ पाच महिन्यांचे झाले असेल, तर बाटलीच्या नादी लागण्यापेक्षा सरळ वाटीच शिकवावी, कारण सहा महिने पुरे झाले की मऊ भात-वरणही सुरू करायचे असते.

बाटली असो वा बोंडले, सहा महिन्यांच्या आत त्यात आईचेच काढलेले दूध असावे. पाणी घातलेले म्हशीचे दूध या वयाला चालत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत निपललाही लावू नये. मधातून क्वचित असे जंतू येतात, की ज्यांच्या विषाने तान्ह्या बाळाचे अंग लुळे पडते.

पाजायचे कोणी आणि कसे?

पहिले दिवस आईने बाटली देऊ नये. आईच्या मांडीवर बाळाला छातीचा वास येतो. समोर खरे असताना खोटे कशाला, असे त्याला वाटले तर नवल नाही. पुढे जी व्यक्ती बाळाला सांभाळणार, तिनेच शिकवावे. ती आजी असो, आत्या असो, धर्ममाता असो की बाप असो. त्या वेळी आईने विहिरीवर किंवा शेजारी जावे. नुसते आतल्या खोलीत जाणे पुरत नाही. तिचे वापरलेले, न धुतलेले लुगडे आजीने मांडीवर घेतले, तर काही बाळांना त्याचा आधार वाटतो.

वेळ अशी निवडावी की बाळ कडकडून भुकेले नसेल आणि पोट टम्म भरलेलेही नसेल. अंगावर पिऊन एक-दीड तास झालेला, बाळ जागे आणि खेळते आहे, ही वेळ चांगली. भुकेने रडणारे मूल नवीन काही शिकत नाही.

बाळाला आडवे न करता बरेचसे बसते धरावे. निपल कोमट पाण्यात बुडवून त्याचा गारठा घालवावा. ते तोंडात खुपसू नये. वरच्या ओठाला हलके लावावे आणि बाळ स्वतः तोंड उघडून आत घेईपर्यंत थांबावे. मग बाटली जवळजवळ आडवी धरावी, म्हणजे निपलमध्ये दूध अर्धेच राहते आणि चोखल्याशिवाय येत नाही. पाच-सहा घोटांनंतर बाटली जरा खाली करून बाळाला श्वास घेऊ द्यावा. अशा रीतीने एकदा पाजायला दहा ते वीस मिनिटे लागली पाहिजेत. पाच मिनिटांत बाटली रिकामी झाली, तर दूध फार वेगाने आले असे समजावे.

निपल सर्वांत बारीक भोकाचे घ्यावे. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडावा, धार लागू नये. आपल्याकडे सुई तापवून भोक मोठे करण्याची खोड आहे. बाळ पीत नाही म्हणजे दूध येत नसेल, असे समजून ते करतात. बहुधा उलटे असते. ओठांच्या कडांतून दूध ओघळणे, ठसका, डोळे विस्फारणे, हाताची बोटे ताणून फाकणे ही दूध जास्त येत असल्याची चिन्हे आहेत. आणि वेगाने येणाऱ्या दुधाची सवय लागलेले बाळच पुढे छातीवर चुळबुळ करते. “बाटली दिली की मूल अंगावर प्यायचे सोडते” या भीतीत जे तथ्य आहे, ते मुख्यतः या मोठ्या भोकात आहे.

एक घर उदाहरणादाखल

एक घर डोळ्यांसमोर आणू. सून ८ जुलैला लावणीला जाणार, बाळ साडेतीन महिन्यांचे, सांभाळणार आजी. शिकवणी १५ जूनपासून सुरू करायची. सकाळी अंघोळीनंतर बाळ निजते. ते उठून पिऊन दीड तास झाला की आजीची पाळी. बाटलीत फक्त १० मिलीलिटर दूध. जास्त घातले तर ते फुकट जाते, आणि फुकट गेले की आजी जबरदस्ती करते.

पहिले तीन दिवस बाळ निपल चावते, जिभेने ढकलते. हे नाकारणे नव्हे, ओळख करून घेणे होय. चौथ्या दिवशी ते रडते. रडू लागले की आजीने बाटली बाजूला ठेवावी, बाळाला शांत करावे, आणि हवे तर एकदाच पुन्हा लावून पाहावी. दहा मिनिटांच्या वर हा प्रयोग चालवू नये. बाटलीची आणि रडण्याची सांगड बाळाच्या मनात बसली, की पुढचे सारे कठीण होते. पाचव्या दिवशी आजी बसण्याची तऱ्हा बदलते. बाळाची पाठ आपल्या पोटाला लावून, तोंड अंगणातल्या कोंबड्यांकडे करून बसते. छातीशी कवटाळल्यावर बाळ छाती शोधते, बाहेर तोंड केले की त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. त्या दिवशी पाचेक मिलीलिटर पोटात जाते. नवव्या दिवशी २० जाते.

अकराव्या दिवशी कोणीतरी भोक मोठे करते. बाळाला ठसका लागतो आणि पुढे दोन दिवस बाटली दिसताच ते रडते. अशा वेळी नवे बारीक निपल आणावे, दोन दिवस बाटली अजिबात दाखवू नये, मग पुन्हा १० पासून सुरुवात करावी. अठराव्या दिवशी ३० आणि एकविसाव्या दिवशी एका वेळी ५०-६० मिलीलिटर जाऊ लागते. मग ८ जुलैच्या आधी एकदा आईने खरोखरच अर्धा दिवस बाहेर राहावे. तिन्ही आठवड्यांत एकही दिवस बाळ उपाशी राहिलेले नाही, कारण प्रत्येक धड्यानंतर आई येऊन अंगावर घेते.

आता दुधाचा हिशेब. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला आई दूर असलेल्या दर तासाला सुमारे ३० मिलीलिटर दूध लागते. सून सकाळी ८ ला गेली आणि दुपारी १ ला जेवायला आली, तर पाच तासांचे १५० झाले. ते ७०-८० असे दोनदा द्यावे. पुन्हा २ ते साडेपाच या वेळात एकदाच, शंभरपर्यंत. पहाटे बाळ एका बाजूला प्याले की दुसऱ्या बाजूचे हाताने काढावे, आणि आदल्या रात्री पाजून झाल्यावर उरलेले काढावे. काढण्याआधी हात साबणाने धुवावेत. अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबावे आणि मग पिळावे. नुसती बोंडी ओढू नये, त्याने दुखते आणि दूधही येत नाही. उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दूध जमा करावे.

ते बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवले, तरी आपल्याकडे वीज जाते हे ध्यानात घेऊन चोवीस तासांत वापरावे. रात्रीचे आणि पहाटेचे दूध एकत्र केले, तर मुदत रात्रीपासून मोजावी. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवून ऊब आणावी, दूध चुलीवर चढवू नये. वर साय जमते ते नासणे नव्हे, हलके फिरवले की ती मिसळते. बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांनंतर देऊ नये. घरी फ्रीज नसेल, तर दूध निघण्याच्या तोंडावर काढावे आणि बाराच्या आत संपवावे. दुपारसाठी आईने एक वाजता बाळाला पाजून उरलेले काढून ठेवावे.

शेतात दहा-अकराच्या सुमारास छाती दाटते. आडोशाला जाऊन थोडे पिळून टाकावे. ते चिखलाच्या हातांनी साठवू नये, पण तसेच दाटूही देऊ नये. दाटलेले राहिले तर गाठी होतात, आणि दूध आटूही लागते. घरी आल्यावर हातपाय धुऊन, ओले लुगडे बदलून मग बाळाला घ्यावे. औषध फवारलेल्या शेतातून आल्यास हे विसरू नये.

पोटात पुरेसे जाते की नाही?

पहिल्या आठवड्यात बाळाने दिवसा ठरलेल्या दुधाच्या निम्मेच घेतले, तर आजीने घाबरू नये. पुष्कळ बाळे दिवसा जेमतेम पितात आणि आई आल्यावर संध्याकाळी व रात्री भरून काढतात. आईची झोप मोडते खरी, पण बाळ वाढते. खूण लघवीची. चोवीस तासांत सहा किंवा अधिक दुपटी चांगली ओली होत असतील, तर दूध पुरते आहे.

पण दुपटी कमी झाली, लघवी गडद पिवळी झाली, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल होऊन संध्याकाळी आईच्या अंगावरही पीत नसेल, तर वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जे बाळ वेळेआधी जन्मले, वजनाने कमी आहे किंवा अंगावर पितानाही ठसकते, त्याच्या बाबतीत हे सारे करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि तीन आठवडे मनापासून करूनही बाळाने बाटली घेतलीच नाही, तर तो आजीचा पराभव नव्हे. बोंडले किंवा वाटी घ्यावी. कित्येक बाळे तीच आधी स्वीकारतात.

आमची मागणी

कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईसाठी २०१७ साली कायद्याने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. लावणीच्या बाईला रजा कोण देणार? तिला ती फक्त घर आणि शेजार देऊ शकतात. म्हणून आमचे मागणे घरच्या कर्त्या पुरुषांकडे आणि सासवांकडे आहे. जूनच्या मध्यापासून रोज पाव तास आजीला इतर कामांतून मोकळे करा. बाटली उकळण्याचे काम सुनेच्या माथी न मारता दुसऱ्या कोणी अंगावर घ्या. आणि पैऱ्याने लावणी करणाऱ्या आपल्या मंडळींनी रविवारी मिस्सेनंतर आठवड्याची पाळी ठरवताना एवढे पाहावे, की तान्ह्या बाळाची आई घराजवळच्या खाचरात असेल आणि दुपारी एक वाजता तिला तासाभरासाठी सोडता येईल. दोन ओळी कमी लागल्या, तर त्या दुसऱ्या दिवशी लावता येतात. दुपारचे ते एक पाजणे राहिले, की आजीला बाटली एकदा जास्त द्यावी लागते आणि सुनेचे दूध थोडे आटते. त्याचा भार पुढे सगळ्या घरावर पडतो.